मंद लॅपटॉपवर फोर-के संकलन : प्रॉक्सीची पद्धत

प्रॉक्सी म्हणजे मूळ फुटेजची हलकी प्रत. संकलन चालू असताना लॅपटॉप ही हलकी प्रत दाखवतो आणि सगळी काटछाट तिच्यावर होते. शेवटी अंतिम फाइल काढताना सॉफ्टवेअर तेच सगळे कट मूळ फुटेजला लावते. प्रेक्षकाच्या पडद्यावर प्रॉक्सीतला एक ठिपकाही पोहोचत नाही. पोहोचलाच, तर कुठेतरी चूक झाली असे समजावे.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. चित्रपट फिल्मवर निघत होते तेव्हा संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. निगेटिव्हवरून काढलेल्या ‘वर्क प्रिंट’वर तो कात्री चालवी. ती प्रत ओरखडली, फाटली तरी बिघडत नसे. निगेटिव्हच्या कडेला छापलेले क्रमांक वर्क प्रिंटवरही उमटत. संकलन पक्के झाले की त्या क्रमांकांवरून निगेटिव्ह कापणारा कारागीर मूळ फिल्म फ्रेमला फ्रेम जुळवून कापी. आज त्या क्रमांकांचे काम फाइलचे नाव आणि टाइमकोड करतात. प्रॉक्सीच्या कामात ज्या गोष्टी बिघडतात, त्यांतल्या बहुतेक ही जुळणी तुटल्यामुळेच बिघडतात.

आता लॅपटॉप अडखळतो कशामुळे ते पाहू. फोर-के चित्राची एक फ्रेम 3840 बाय 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपक्यांची असते. फुल एचडी फ्रेममध्ये जवळपास 21 लाख ठिपके असतात. सेकंदाला 25 फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी यंत्राला 40 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ती फ्रेम उलगडून झाली नाही, की चित्र अडकते किंवा मधल्या फ्रेम गळतात.

ठिपक्यांच्या संख्येपेक्षाही जास्त त्रास देते ती फाइल दाबून लहान करण्याची रीत. कॅमेरे आणि फोन बहुधा एच.264 किंवा एच.265 या पद्धतीने चित्र साठवतात. त्यात दर फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक फ्रेम पूर्ण असते आणि पुढच्या दहा-पंधरा, कधी त्याहूनही जास्त फ्रेमांमध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमांपेक्षा काय बदलले एवढीच नोंद असते. दुकानाच्या किर्दीत 20 तारखेची शिल्लक काढायची तर आरंभीच्या शिलकेपासून दर दिवसाची जमा आणि खर्च मांडत यावे लागते, तसेच हे आहे. चित्रपट सरळ पाहताना ही रीत सोयीची पडते, कारण यंत्र एकाच दिशेने पुढे जात असते. संकलक मात्र सारखा मागे-पुढे करतो, मध्येच थांबतो, दोन फ्रेम मागे जातो. दर वेळी यंत्राला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून पुन्हा सगळे उलगडावे लागते. उलट दिशेने चित्र चालवून पाहिले तर मंद लॅपटॉपची सर्वांत जास्त दमछाक होते ती यामुळेच.

बहुतेक यंत्रांत हे उलगडण्याचे काम करणारा वेगळा भाग ग्राफिक्स चिपमध्ये असतो, पण तो सगळ्या प्रकारचे एच.264 ओळखत नाही. साधे 8-बिट, 4:2:0 फुटेज तो सहज हाताळतो. नव्या व्यावसायिक कॅमेऱ्यांमधले 10-बिट, 4:2:2 रंगांचे एच.264 फुटेज आले की बहुतेक जुन्या लॅपटॉपमधला तो भाग स्वस्थ बसतो आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर फोनचे फोर-के सुरळीत चालते आणि भारी कॅमेऱ्याचे फोर-के अडकते. हे पाहून कॅमेऱ्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

प्रॉक्सीची गरज आहे की नाही, हे ठरवायला विंडोजमधला Task Manager पुरतो. टाइमलाइनवर एक क्लिप लावायची, चालू करायची आणि Performance हे पान उघडायचे. CPU शंभर टक्क्यांना टेकलेला आहे आणि GPU खालची Video Decode ही रेघ शून्याजवळ आहे, तर प्रोसेसर एकटाच फुटेज उलगडतो आहे. तिथे प्रॉक्सी हाच इलाज. CPU निवांत आहे पण डिस्क शंभर टक्के गुंतलेली आहे, तर दोष डिस्कचा किंवा केबलचा. तिथे फुटेज वेगवान एसएसडीवर हलवल्यानेच काम भागू शकते. दोन्ही निवांत असून चित्र अडकत असेल, तर क्लिपवर लावलेले इफेक्ट तपासावेत. ही पाहणी न करता आधी रॅम वाढवणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा वाया जातात, कारण फ्रेम उलगडणे हे रॅमचे काम नाही.

प्रोग्राम मॉनिटरखाली चित्राची स्पष्टता अर्धी किंवा पाव करण्याची सोय असते, ती म्हणजे प्रॉक्सी नव्हे. तिने इफेक्टचा आणि चित्र मांडण्याचा भार हलका होतो. पण एच.264 फाइलमधली फ्रेम आधी पूर्ण उलगडावी लागते आणि मगच ती लहान करता येते, म्हणून मूळ अडचण तशीच राहते.

प्रॉक्सी दोन बाबतींत हलकी असावी लागते : आकाराने आणि रचनेने. आकार कमी केला की ठिपके घटतात. 1280 बाय 720 च्या फ्रेममध्ये फोर-केच्या नवव्या हिश्श्याइतकेच ठिपके असतात. रचनेसाठी असा प्रकार निवडायचा, ज्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. ॲपलचा प्रोरेस प्रॉक्सी आणि ॲव्हिडचा डीएनएक्सएचआर एलबी हे असे दोन रुळलेले प्रकार आहेत. त्यांत कोणत्याही फ्रेमवर उडी मारली तरी मागचे काही उलगडावे लागत नाही. एच.264 मध्येही लहान आकाराची प्रॉक्सी करता येते, तिला जागा कमी लागते आणि ती इंटरनेटवरून पाठवायला बरी पडते. पण मागे-पुढे करताना ती प्रोरेसइतकी चपळ नसते. लॅपटॉप खरोखरच अशक्त असेल आणि डिस्कवर जागा असेल, तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरच घ्यावे.

हे सगळे एका उदाहरणावर मांडून पाहू. समजा एका लग्नाचे तीन तासांचे फुटेज आहे : 4के, सेकंदाला 25 फ्रेम, 10-बिट 4:2:2 एच.264, 140 मेगाबिट प्रतिसेकंद. शिवाय एका नातेवाइकाने फोनवर टिपलेली हळदीची काही दृश्ये आहेत. लॅपटॉप जुना, चार कोअरचा, 16 जीबी रॅमचा, आणि त्याच्या एसएसडीवर 150 जीबी जागा मोकळी. सॉफ्टवेअर ॲडोबी प्रीमिअर प्रो. त्यात प्रॉक्सीची सोय 2016 पासून आहे.

140 मेगाबिट म्हणजे तासाला 63 जीबी. तीन तासांचे 189 जीबी होतात, म्हणजे मूळ फुटेज लॅपटॉपमध्ये मावतच नाही. ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर राहील. या वेगात सेकंदाला साडेसतरा मेगाबाइट वाचावे लागतात, आणि तेवढे साधी यूएसबी 3 हार्ड डिस्कही आरामात पुरवते. त्यामुळे इथे अडचण वाचण्याची नाही, उलगडण्याची आहे. फुल एचडी आकाराची प्रोरेस प्रॉक्सी 25 फ्रेमला सुमारे 38 मेगाबिट घेते, म्हणजे तासाला 17 जीबी आणि एकूण 51 जीबी. 720 आकाराची प्रॉक्सी सुमारे 16 मेगाबिट घेते, म्हणजे तिन्ही तासांचे मिळून 22 जीबीच्या आत. या लॅपटॉपसाठी 720 योग्य. फुल एचडी प्रॉक्सी दिसायला छान असते, पण संकलनातले निर्णय घेण्यासाठी तेवढ्या स्पष्टतेची क्वचितच गरज पडते. दोन-तीन कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी चालवायची असतील तर 720 चा फायदा लगेच जाणवतो.

प्रॉक्सी तयार करतानाही मूळ फुटेज एकदा उलगडावेच लागते. तेच जड काम, फक्त एकदाच आणि कोणी समोर बसलेले नसताना. तीन तासांच्या फुटेजमध्ये 2 लाख 70 हजार फ्रेम आहेत. लॅपटॉप सेकंदाला 12 फ्रेम उलगडत असेल तर सव्वासहा तास लागतील. रात्री लावून सकाळी तयार. मात्र लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा आणि झोपी जाण्याची सेटिंग बंद हवी. नाहीतर सकाळी अकरा क्लिप झालेल्या आणि बाकीच्या तशाच थांबलेल्या सापडतात.

तयारीचा खरा भाग मात्र त्याआधीचा आहे. प्रत्येक कार्ड वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्णच्या पूर्ण कॉपी करावे. कॅमेरे क्लिपना C0001, C0002 अशी नावे देतात आणि कार्ड बदलले की बऱ्याचदा तीच नावे पुन्हा सुरू होतात. दोन कार्डांवर एकाच नावाच्या दोन क्लिप असल्या, की नंतर कधी जुळणी हाताने करायची वेळ आली तर हळदीच्या क्लिपला मंगलाष्टकांची प्रॉक्सी जोडली जाते. नावे बदलायची तर ती याच टप्प्यावर, प्रॉक्सी तयार होण्यापूर्वी बदलावीत. ‘A01_C0001’ असे कार्डाचे नाव पुढे लावले तरी पुरते. एकदा प्रॉक्सी तयार झाल्या की मूळ फाइलचे नाव, जागा आणि फोल्डर यांना हात लावू नये.

फोनच्या फुटेजची वेगळी तपासणी लागते. पुष्कळ फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम टिपत नाहीत. उजेड आणि प्रोसेसरचा ताण यांप्रमाणे हा दर कमी-जास्त होतो. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की Frame rate mode पुढे Variable असे लिहिलेले दिसते. अशा क्लिपची प्रॉक्सी ठरावीक दराची तयार झाली, तर मूळ आणि प्रत यांच्यातले अंतर हळूहळू वाढत जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे : क्लिपच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाकडे जुळत नाहीत. अशी क्लिप आधी स्थिर दराची करून घ्यावी आणि त्या नव्या फाइललाच प्रकल्पापुरते मूळ मानावे. एफएफएमपेगच्या एका आज्ञेत हे होते :

```
ffmpeg -i haldi.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le haldi_cfr.mov
```

फोन 30 फ्रेमच्या सेटिंगवर असेल तर इथे 30 ठेवावे. 16 हा आकडा गुणवत्तेचा आहे. तो जितका लहान, तितकी फाइल मोठी आणि हानी कमी. आज्ञा टाइप करायची नसेल तर हँडब्रेकमध्ये Constant Framerate निवडून हेच साधते.

आता प्रीमिअरमध्ये सगळ्या क्लिप आणायच्या, निवडायच्या, उजवी क्लिक करून Proxy आणि त्यातले Create Proxies निवडायचे. कोणता प्रकार, किती आकार आणि फाइल कुठे ठेवायची, एवढेच ते विचारते. प्रकार क्विकटाइम, प्रीसेट प्रोरेसचे आणि 720 च्या जवळच्या आकाराचे, जागा लॅपटॉपच्या एसएसडीवरचा वेगळा फोल्डर. यादी मीडिया एन्कोडरकडे जाते आणि काम सुरू होते. वॉटरमार्कसह प्रॉक्सीचे प्रीसेट उपलब्ध असेल तर तेच निवडावे. कोपऱ्यातले ते अक्षर संकलन करताना थोडे खुपते, पण आपण काय पाहतो आहोत याबद्दल शंका उरत नाही.

सकाळी पहिले काम तपासणीचे. प्रोग्राम मॉनिटरच्या बटणांमध्ये Toggle Proxies हे बटण नसेल तर अधिकच्या चिन्हावरून ओढून आणावे. ते निळे असताना प्रॉक्सी दिसते, नाहीतर मूळ. दोन-तीन लांब क्लिपच्या अगदी शेवटाजवळ जाऊन बटण चालू-बंद करून पाहावे. चित्र फक्त किंचित मऊ-तीक्ष्ण व्हायला हवे. हात, पाऊल, डोळ्यांची उघडझाप जागेवरच राहायला हवी. चित्र एका फ्रेमनेही हलले तर दर किंवा लांबी जुळलेली नाही. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली तर चूक थेट अंतिम फाइलमध्ये दिसते, तीही ग्राहकाला.

काही कॅमेरे स्वतःच प्रॉक्सी टिपतात. सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत ती कार्डावरच्या SUB फोल्डरमध्ये असते आणि C0001 ची प्रॉक्सी C0001S03 या नावाने येते. गोप्रोच्या LRV फाइल म्हणजेही लहान आकाराची प्रतच, शेवटचा LRV बदलून MP4 केला की ती उघडते. या प्रती Attach Proxies वापरून जोडता येतात आणि रात्रभराचे काम वाचते. मात्र सेकंदाच्या फ्रेम, लांबी आणि आवाजाच्या चॅनेलची संख्या मुळाशी जुळली पाहिजे. मूळ क्लिपला चार चॅनेल आणि प्रॉक्सीला दोन असतील तर प्रीमिअर जोडणी नाकारतो, आणि ते त्याचे शहाणपण समजावे.

दाविंची रिझॉल्व्हमध्येही तत्त्व हेच. तिथे क्लिपवर उजवी क्लिक करून Generate Proxy Media निवडतात. आकार मुळाच्या निम्मा, पाव अशा हिश्श्यांत ठरवावा लागतो. फोर-केसाठी निम्मा म्हणजे फुल एचडी आणि पाव म्हणजे 960 बाय 540. मोफत मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्ये प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू केली की ती आपोआप तयार होते आणि क्लिपवर P हे अक्षर दिसते.

प्रॉक्सी जोडल्या गेल्यावर बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवली तरी कटाचे काम चालू राहते. लॅपटॉप आणि 22 जीबीचा फोल्डर एवढ्यावर प्रवासातही संकलन होते. प्रीमिअर मूळ फाइल सापडत नसल्याचे सांगतो, तेव्हा ती ऑफलाइन ठेवायची आणि परतल्यावर डिस्क जोडायची.

काही निर्णय मात्र प्रॉक्सीवर घेऊ नयेत. पहिला फोकसचा. 720 च्या चित्रात किंचित हुकलेला फोकस दिसत नाही, म्हणून नवरीच्या चेहऱ्याचा जवळचा शॉट पक्का करण्याआधी बटण बंद करून मूळ पाहावे. अडकत का होईना, एक स्थिर फ्रेम पाहायला लॅपटॉप पुरेसा असतो. दुसरा निर्णय चित्र मोठे करण्याचा. फोर-के शॉट फुल एचडी टाइमलाइनवर दुप्पट मोठा केला तरी मुळात तेवढी स्पष्टता असते. प्रॉक्सीवर तो धूसर दिसतो आणि संकलक चांगला शॉट उगाच टाकून देतो. अंधारातल्या दृश्यांचा दाणेदारपणा, हिरव्या पडद्याची कापणी आणि रंगांची शेवटची जुळणी हीसुद्धा मूळ चित्रावरच करायची कामे. चित्रातला दाणा काढणारे किंवा हलते चित्र स्थिर करणारे इफेक्ट प्रॉक्सीवरही जडच असतात. ते कट पक्के झाल्यावर, अगदी शेवटी लावावेत.

अंतिम फाइल काढताना हार्ड डिस्क जोडलेली असावी आणि एकही क्लिप ऑफलाइन नसावी. निर्यातीच्या खिडकीत Use Proxies ही चौकट असते. ती मुळात रिकामी असते, ती तशीच राहू द्यावी. रिझॉल्व्हमध्ये आणि केडेनलाइव्हमध्येही प्रॉक्सीवरून फाइल काढण्याची अशीच वेगळी निवड असते. घाईत दाखवायचा कच्चा नमुना काढण्यासाठी ती उपयोगी पडते, आणि नंतर पुन्हा बंद करायची राहून जाते. असे झाले की नाही हे ओळखायची खात्रीची खूण म्हणजे नावांच्या पाट्या. शीर्षकाची अक्षरे सॉफ्टवेअर स्वतः पूर्ण आकारात रेखते, त्यामुळे ती नेहमी धारदार असतात. अक्षरे धारदार आणि मागचे चित्र मऊ दिसले, तर ती फाइल प्रॉक्सीवरून निघालेली आहे. पुन्हा काढायची, एवढाच उपाय. कट सुरक्षित असतात.

अंतिम फाइल काढण्याचा वेळ प्रॉक्सीने कमी होत नाही. त्या वेळी मूळ फुटेज पुन्हा उलगडावेच लागते, आणि मंद लॅपटॉप तिथे मंदच राहतो. वीस मिनिटांच्या लग्नपटाला दोन-तीन तास लागले तर नवल नाही. तेही रात्रीवर ढकलावे.

काम ग्राहकाच्या हाती गेल्यावर जागा हवी असेल तर प्रॉक्सीचा फोल्डर निर्धास्तपणे पुसावा. प्रकल्पाची फाइल आणि मूळ फुटेज असेल तर प्रॉक्सी पुन्हा एका रात्रीत तयार होतात. मूळ फुटेज मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय कार्ड रिकामे करू नये, कारण प्रॉक्सीपासून मूळ परत बनवता येत नाही.